कमळाबाईच्या ब्लॉकचा बयाणा

कमळाबाई परबीण हात उचलायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिच्याबद्दल बोलताना लोक फार गोड गोड बोलतात, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. अन्नपूर्णा होती म्हणे! होती ना, पण अन्नपूर्णेच्या हातात पळी असते आणि ती पळी कमळाबाईने निदान तीन जणांच्या टाळक्यात घातलेली लालबागने बघितली आहे. आमटी पातळ झाली म्हणून कुणी कुरकुर केली, तर ती ताट ओढून घ्यायची. आणि दारू पिऊन कुणी जेवायला बसला, तर त्याला कॉलर धरून गॅलरीत नेऊन उभा करायची आणि वरून तांब्याभर पाणी ओतायची.

ती मालवणकडची. नवरा रामजी गिरणीत साचे चालवायचा, तो छातीच्या दुखण्याने गेला. मूलबाळ नाही. माहेरी परत जाण्याऐवजी तिने चाळीतल्या त्या एका खोलीत खानावळ मांडली. सकाळ-संध्याकाळ मिळून पंचवीस-तीस गिरणी कामगार तिच्या हातचं जेवायचे, आणि सगळे तिला मावशी म्हणायचे.

घरमालकाला ही खानावळ खुपत होती. राहायच्या खोलीत धंदा चालतो, धूर होतो, असं त्याचं म्हणणं. खरं म्हणजे त्याला खोली रिकामी करून दुसऱ्याकडून पागडी उकळायची होती. एका दुपारी त्याने चार माणसं पाठवली. त्यांनी चुलीवरचं भाताचं पातेलं लाथेने उडवलं, डाळीत वाळू ओतली आणि रामजीचा फोटो भिंतीवरून काढून खाली आपटला. कमळाबाई तेव्हा पाट्यावर मसाला वाटत होती. तिने वरवंटा उचलला आणि जो फोटोपाशी उभा होता त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज बाहेर गॅलरीत ऐकू आला. बाकीचे तिघे त्याला उचलून पळाले.

त्या रात्री तिने सांडलेला भात जमिनीवरून गोळा केला आणि रडली. पंचवीस माणसांसमोर रडली, तोंड न लपवता. म्हणाली, "मला माझी जागा पाहिजे रे. तिथे माझी चूल असेल आणि तिला लाथ मारायचा हक्क कुणाच्या बापाला नसेल." बस्स, तिथून पुढे तिच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही.

प्रभादेवीला एक नवी इमारत उठत होती. मालकीचे ब्लॉक, म्हणजे आता ज्यांना फ्लॅट म्हणतात ते. तेव्हा ही गोष्ट नवी होती. भाडं नाही, पागडी नाही, पैसे भरले की जागा तुमची. बांधणारा हेमचंद्रशेठ, आपल्यातलाच मराठी माणूस. गिरगावात ठाकूरद्वाराच्या जवळ एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्याचं ऑफिस. कमळाबाई एकटी तिथे गेली. तळमजल्यावरचा मागच्या बाजूचा ब्लॉक तिने निवडला, कारण त्याला परसदार होतं आणि मागच्या दाराने जेवणारी माणसं येऊ-जाऊ शकली असती. किंमत सात हजार. पाचशे एक रुपये बयाणा तिने टेबलावर ठेवला. वरचा एक रुपया शकुनाचा.

शेठने अटी सांगितल्या. एका महिन्याच्या आत दीड हजारांचा पहिला हप्ता घेऊन स्वतः यायचं आणि करारावर सही करायची, म्हणजे बयाणा किमतीत वळता होईल. नाही आलात तर बयाणा जप्त आणि ब्लॉक दुसऱ्याला द्यायला आम्ही मोकळे.

"आणि तुम्ही फिरलात तर?" कमळाबाईने विचारलं.

"आम्ही कशाला फिरू, बाई?"

"मी तरी कशाला फिरू? माझं लिहिता ना? मग तुमचंही लिहा. तुम्ही नाही म्हणालात तर बयाणा दुप्पट परत."

शेठ हसला. पण बाई टेबलावरून हात उचलीना, आणि त्या हाताखाली पैसे होते. शेवटी त्याने कारकुनाला सांगितलं, "सीताराम, घाल तसं."

सीताराम कारकून म्हणजे पन्नाशीचा, सुकलेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. दोन दिवसांनी तो रीतसर कागद घेऊन स्वतः लालबागला आला. लिफाफ्यात पावती होती, एक आण्याचं तिकीट लावून त्यावर शेठची आडवी सही केलेली आणि सहीखाली दुप्पट परतीची अट लिहिलेली. पावतीबरोबर एक पत्र होतं, त्यात अटी एक-दोन-तीन करून मांडलेल्या, आणि त्या पत्राची आणखी एक प्रत. पण सीताराम आला तो नेमका दुपारपाळीच्या पंगतीच्या वेळी. कमळाबाईचे हात कोपरापर्यंत पिठात.

"बाई, एका प्रतीवर सही करून पाठवा हं," तो म्हणाला.

"ठेवा तिकडे देवाकडे. आणि बसा, जेवून जा."

सीताराम जेवला, ढेकर दिला आणि गेला. सहीचं काय झालं, हे त्यानेही पुन्हा विचारलं नाही. पंगत उठल्यावर कमळाबाईने हातपाय धुतले, दिवा लावला आणि सगळ्या कागदांना हळद-कुंकू वाहिलं. दोन सारखी पत्रं बघून तिला वाटलं, एक आपलं आणि एक देवाचं. आता हे ऐकून कुणी हसू नये. अक्षर लावून ती वाचायची, सही करायची, मूर्ख नव्हती. पण आयुष्यात पहिल्यांदा जागेचा कागद घरात आला होता, आणि असा कागद आधी देवापुढे ठेवायचा असतो, एवढं तिला ठाऊक होतं. देवापुढे ठेवलेलं उचलून परत कुणाला द्यायचं, हे तिच्या मनातही आलं नाही.

महिना भरत आला आणि मुंबई पेटली.

रेडिओवर जाहीर झालं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राकडे राहणार. दुसऱ्या दिवशी लालबाग-परळमध्ये रस्ता दिसत नव्हता, नुसती माणसं. गिरण्या बंद. ट्रामच्या रुळांवर दगड, जळके टायर, कचऱ्याची पिंपं. पोलिसांनी आधी लाठ्या चालवल्या, मग अश्रुधूर सोडला, मग गोळ्या. कमळाबाईच्या खानावळीतला गणपत सकाळी पेज पिऊन गेला तो मांडी फुटून परत आला. त्याला चौघांनी एका उखडलेल्या दाराच्या फळीवर घालून आणलं होतं. कमळाबाईने जखमेत हळद भरली, लुगडं फाडून बांधलं, आणि तो ओरडायला लागल्यावर त्याच्या तोंडात लाटणं दिलं.

संध्याकाळी शिपाई चाळीत शिरले. दगड मारणारे इथेच लपलेत, असं म्हणत त्यांनी एकेक दार फोडलं. मिळेल त्याला जिन्यावरून खाली फेकत होते. कमळाबाईच्या दारात एक शिपाई आला आणि त्याने लाठीने पाण्याचं मडकं फोडलं. दुसरा फटका गणपतच्या दुखऱ्या पायावर पडणार, तेवढ्यात तिने चुलीवरची उकळती पेज शिपायाच्या अंगावर फेकली. तो किंचाळत मागे गेला. त्याच्या सोबत्याने तिच्या पाठीत लाठी घातली, एकदा नाही, पाच-सहा वेळा. ती पडली, पण गणपतच्या अंगावर पडली आणि तिथून हलली नाही.

पुढचे दोन दिवस तिला कुशीवर वळता येत नव्हतं. गॅलरीत पडल्या पडल्या ती गोळ्यांचे आवाज ऐकायची आणि मनात मुदतीचा हिशेब करायची. शुक्रवार शेवटचा. पैसे तयार होते. बांगड्या विकून आणि भिशी उचलून तिने दीड हजार कधीच बाजूला काढले होते. प्रश्न फक्त गिरगावात जाण्याचा होता.

"मी येतंय मावशे तुझ्याबरोबर," बाबुराव म्हणाला.

बाबुराव तिच्याच गावाकडचा, गिरणीत विणकर. चोवीस वर्षांचा, उंच, सातवी शिकलेला. गावी विधवा आई, आणि महिन्याला तिला मनिऑर्डर. मोर्चात तो रोज पुढे असायचा आणि त्यावरून मावशीच्या शिव्या खायचा. गुरुवारी संध्याकाळी त्याने देवाऱ्यातले कागद काढून दिव्याखाली वाचले, आणि वाचता वाचता ताठ बसला.

"मावशे, ही दुसरी प्रत हय कशाक? ही परत द्यायची होती."

"परत?"

त्याने मोठ्याने वाचलं. "सोबतच्या प्रतीवर 'अटी मान्य' असे लिहून व सही करून ती मुदतीच्या आत आमच्याकडे पोचती करावी. तोपर्यंत आरक्षण तात्पुरते समजावे."

कमळाबाईने कागद हातात घेऊन ती ओळ स्वतः लावून वाचली. म्हणजे पैसे घेऊन गेलं तरी शेठ म्हणू शकतो की तुमचं काही पक्कं नव्हतंच! तिने स्वतःच्या तोंडात दोन चापट्या मारून घेतल्या. मग त्याच्यासमोर बसून प्रतीवर 'अटी मान्य' लिहिलं, खाली सही केली. अक्षरं हळदीच्या डागांवरून गेली.

शुक्रवारी पहाटे दोघं चालत निघाले. पैसे तिच्या कमरेला, लुगड्याच्या आत घट्ट बांधलेले. कागद बाबुरावच्या सदऱ्याच्या खिशात, कारण झटापट झाली तर पहिली झडती बाईच्या पिशवीची, असं तो म्हणाला. चिंचपोकळी, भायखळा, मग आतल्या गल्ल्यांतून खेतवाडी. रस्त्यात काचा, फाटकी पायताणं, एक जळालेली बस. एका कोपऱ्यावर एक माणूस पालथा पडलेला होता आणि त्याच्याभोवती कुणी नव्हतं. कमळाबाई थांबली. बाबुरावने तिला दंडाला धरून पुढे नेलं.

ठाकूरद्वारापाशी जमाव होता. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांतून बायका खाली दगड, बाटल्या, मोडक्या खुर्च्या फेकत होत्या. पलीकडे पोलिसांची गाडी उभी. ऑफिसची इमारत रस्त्याच्या पलीकडे अगदी समोर दिसत होती. "आता धावूया," बाबुराव म्हणाला. दोघं धावले. मधेच गोळ्या सुटल्या, आणि बाबुराव गुडघ्यांवर बसला.

तिला आधी वाटलं तो ठेचकाळला. मग त्याच्या सदऱ्यावर लाल पसरलं. छातीत, उजवीकडे. तिने त्याला काखेत धरून ओढलं, अलीकडच्या चाळीच्या जिन्याखाली परत आणलं. पाठीची ठणक विसरून ओढलं. तो श्वास घ्यायला बघत होता आणि श्वासाबरोबर तोंडातून रक्ताचा फेस येत होता.

आणि कमळाबाईने काय केलं? तिने त्याच्या खिशात हात घातला.

होय. जखमेवर हात दाबण्याआधी खिशात घातला. कागद बाहेर काढले, रक्ताने चिकटलेले, आणि पोलक्यात कोंबले. मग त्याच्या छातीवर पदराचा बोळा दाबला. बाबुराव तिच्याकडे बघत होता. त्याने सगळं बघितलं. त्याने हात थोडा उचलला, कशासाठी ते देव जाणे. तिने मनाशी ठरवलं की तो जा म्हणतोय.

चाळीतल्या दोन बाया धावत आल्या. "ह्याला बघा," ती म्हणाली, "दवाखान्यात न्या, मी आलेच." आणि ती रस्ता ओलांडून गेली.

ऑफिसचं दार अर्धं लोटलेलं होतं. हेमचंद्रशेठ आत खुर्चीत बसला होता, सीताराम कोपऱ्यात. त्या दिवशी कुणी येणार नाही, अशी शेठची खात्री होती, आणि खरं सांगायचं तर तेच त्याला हवं होतं. असे पाच-सहा बयाणे त्याच्याकडे होते, सगळ्यांच्या मुदती त्याच आठवड्यात संपत होत्या. बाहेर लोक मरत होते आणि हा माणूस घड्याळाकडे बघत बसला होता.

कमळाबाईने पावती टेबलावर ठेवली, सही केलेली प्रत ठेवली. कमरेचे पैसे सोडले आणि ठेवले. तिचे दोन्ही हात रक्ताने माखलेले होते.

शेठने प्रत दोन बोटांनी उचलली. "ही वाचता येत नाही. सही कुठे दिसतेय? बाई, प्रत वेळेवर आली नाही, आरक्षण पक्कं झालं नाही. बयाणा जप्त. आणि हे काय घाण घेऊन आलात? दंगलीत मरायला जातात आणि इकडे येऊन टेबल खराब करतात!"

घाण म्हणाला तो.

कमळाबाई टेबलाला वळसा घालून गेली. पहिली थप्पड बसली तेव्हा त्याचा चष्मा भिंतीवर जाऊन फुटला. दुसरीने तो खुर्चीसकट मागे गेला. तिने त्याची गचांडी धरून त्याला उठवला आणि टेबलावर दाबला, तोंड त्या प्रतीवर. "वाच," ती म्हणाली. "ही घाण वाच. माझं पोर आहे ते." त्याचं नाक फुटलं. सीताराम "बाई, बाई" करत उभा राहिला, पण जवळ आला नाही.

"चालती हो!" शेठ किंचाळला. "तुला ब्लॉक देत नाही. मेलो तरी देत नाही!"

तिने हात काढला.

"मग लिहून द्या," ती म्हणाली. धापा टाकत होती. "मुदतीत आले, पैसे आणले, आणि तुम्ही नाही म्हणालात, असं लिहा. आणि दुप्पट टाका इथे. पावतीवर आहे. तुमच्या सहीने."

शेठने रुमाल नाकाला लावला. पावतीवर अट होतीच, त्याच्या आडव्या सहीखाली. मुदत त्या संध्याकाळपर्यंत होती, तेव्हा प्रत उशिरा आली असंही म्हणता येईना. बाहेर पुन्हा गोळ्यांचा आवाज झाला. पेटलेल्या शहरात दुसरं गिऱ्हाईक कधी मिळणार, आणि टेबलावर तर दीड हजार रोख पडलेले. त्याने रुमाल नाकावरून काढला. मग म्हणाला, "सीताराम, नवी प्रत कर. करार काढ."

सीतारामने लिहिलं, कमळाबाईने सह्या केल्या. शेठने पैसे मोजून घेतले, प्रत्येक नोट पुसून. ती खाली आली आणि रस्ता ओलांडून गेली, तेव्हा त्या चाळीच्या जिन्याखाली कुणी नव्हतं. चाळीतल्या बाया म्हणाल्या, खाटेवर घालून नेला, पण कोपऱ्यापर्यंतच जीव धरला बिचाऱ्याने. मावशी मावशी करत होता.

ती तिथेच पायरीवर बसली आणि तिने डोकं भिंतीवर आपटलं. इतक्या जोराने आपटलं की बायांना तिला धरावं लागलं. पोरगा मरत होता आणि मी कागद घेऊन गेले, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

चाळीने बाबुरावचा फोटो लावला. हार घातला, खाली लिहिलं, संयुक्त महाराष्ट्रासाठी हुतात्मा. येणारा-जाणारा हात जोडायचा. कमळाबाई तिथून जाताना मान खाली घालायची. पुढच्या वर्षी प्रभादेवीचा ब्लॉक ताब्यात आला. परसदार होतं, चूल मांडली, पंगती सुरू झाल्या. पण तिथे कुणी तिला कुणावर हात उचलताना बघितलं नाही. लोक म्हणाले, बाई मवाळ झाली. मवाळ कसली डोंबलाची!

त्याच वर्षी मे महिन्यात बाबुरावची आई गावाहून आली. म्हातारी वाळून काटकी झालेली. लेकाची ट्रंक न्यायला आली होती. कमळाबाईने तिला पाटावर बसवलं, जेवायला वाढलं. म्हातारीने घास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"माका सगळे सांगतत," ती म्हणाली, "पण तू थंयसर होतंस. तूच सांग. माझो झील म्हंबयसाठी गेलो मां?"

कमळाबाईच्या ओठांवर सगळं आलं होतं. खिसा, कागद, रस्ता ओलांडला ते. आयुष्यभर तिने कुणाची भीड ठेवली नव्हती, खरं ते तोंडावर फेकलं होतं. म्हातारी तिच्याकडे बघत होती, घास तसाच हातात.

"होय बाये," कमळाबाई म्हणाली. "म्हंबयसाठीच गेलो."

म्हातारीने डोळे पुसले. मग सावकाश घास खाल्ला, भोवती बघितलं, भिंतीवरून, नव्या लादीवरून हात फिरवला.

"ह्या घर बरा आसा गो तुजा," ती म्हणाली. "माझ्या बाबुक आवाडला असता."

कमळाबाईने तिच्या ताटात आणखी भात वाढला.